डिझायनरशी सौदा : तोंडी नको, टिपणावर

आपल्या पेढ्यांवर मालाचा सौदा कसा होतो, हे सांगावयास नको. तुरीचा नमुना हातात घेतला जातो, ओलावा पाहिला जातो, कचरा किती, दाणा कसा, डाग किती, भाव काय, माल कधी उचलावयाचा, पैसे किती दिवसांनी द्यावयाचे, हे सारे ठरते आणि चिठ्ठीवर येते. एवढी चोख रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळणारी तीच पेढी जेव्हा दुकानाचे बोधचिन्ह किंवा पिशवीचे चित्र करून घ्यावयास निघते, तेव्हा मात्र सारा सौदा एका वाक्यात उरकतो : "काहीतरी छानसे करून द्या, आवडले की पैसे देतो." या वाक्यात मालाचे वर्णन नाही, परिमाण नाही, मुदत नाही, भाव नाही आणि माल नापसंत झाल्यास काय, याचाही उल्लेख नाही. पुढे जो वाद होतो, तो बहुतेक वेळा डिझायनरच्या कलेविषयी नसतो. न लिहिलेल्या या पाच गोष्टींविषयी असतो.

स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर हा आपला नोकर नव्हे. तो एका वेळी चार-पाच ग्राहकांची कामे करतो. त्याला काम सांगताना जे लेखी टिपण द्यावयाचे, त्याला त्या व्यवसायात 'ब्रीफ' म्हणतात. आपण त्याला कामाचे टिपण म्हणू. ते कसे करावे, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण : नळदुर्गची तूरडाळ

समजा, नळदुर्ग येथे सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत एका कुटुंबाची भुसार मालाची पेढी आहे. आजवर तूरडाळ कट्ट्यातून, सुटी विकली जाई. आता मुलाने व सुनेने ठरविले आहे की, 1 किलो व 500 ग्रॅमच्या छापील पिशव्यांतून ती स्वतःच्या नावाने सोलापूर व पुण्यास पाठवावी. डिझायनर पुण्यात राहतो. भेट एकदाच होणार. बाकी सारे फोनवर व व्हॉट्सॲपवर. अशा दूरच्या व्यवहारात टिपण हाच दोघांमधला दुभाषी.

डिझायनरला फोन करण्याआधी या कुटुंबाला दोन ठिकाणी चौकशी करावी लागेल. पहिली ट्रेडमार्क नोंदणीच्या शोध-सुविधेवर. ठरविलेले नाव त्याच मालासाठी दुसऱ्या कोणी आधीच नोंदविले असेल, तर त्या नावावर चित्र काढून घेण्यात अर्थ नाही. दुसरी चौकशी पिशव्या छापणाऱ्या कारखान्यात, आणि हीच बहुतेक जण विसरतात. मोठ्या प्रमाणावरील पिशव्या बहुधा ग्रॅव्हूर पद्धतीने छापल्या जातात. तीत प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र कोरलेला रूळ, म्हणजे सिलिंडर, लागतो. पारदर्शक पिशवीवर रंग उठून दिसावेत म्हणून त्यांच्यामागे पांढरा थर द्यावा लागतो, आणि तो पांढराही एक रंगच धरला जातो. म्हणून छपाईवाल्याने "सहा रंग" म्हटले, तर चित्रासाठी पाचच उरतात. रूळ एकदा कोरला की त्यावरील एक काना दुरुस्त करावयाचा तरी त्या रंगाचा रूळ नव्याने करावा लागतो. हा खर्च डिझायनरच्या मोबदल्याहून वेगळा असतो. त्यामुळे पिशवीचे नेमके माप, शिवणीसाठी व घडीसाठी सोडावयाची जागा आणि रंगांची संख्या ही माहिती छपाईवाल्याकडून आराखड्याच्या रूपात मागवून टिपणाला जोडावी. ज्यांचा माल सुरुवातीला थोडा आहे, त्यांनी कोऱ्या पिशवीवर छापील चिकटपट्टी लावण्याचा विचार करावा. तसे असेल तर टिपणही वेगळे होईल.

काय काय हातात पडणार

टिपणाचा पहिला भाग म्हणजे मालाची यादी. "लोगो आणि पिशवी" एवढे लिहून भागत नाही. आपल्या उदाहरणात यादी अशी होईल : नावासह बोधचिन्ह, मराठीत व इंग्रजीत, त्याचे रंगीत रूप, केवळ काळ्या रंगातील रूप आणि गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे रूप, 1 किलोच्या पिशवीची पुढची व मागची बाजू, तीच मांडणी 500 ग्रॅमच्या मापात, आणि दुकानाच्या पाटीचे एक चित्र. काळ्या रंगातील रूप अनेकांना अनावश्यक वाटते. पण बिलबुकावर, रबरी शिक्क्यावर आणि कट्ट्याच्या बारदानावर तेच लागते. जे चिन्ह रंग काढून घेताच ओळखू येत नाही, ते कच्चे समजावे.

यादीत फाईलचा प्रकारही लिहावा. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र हे पाहण्यापुरते असते. ते पाटीएवढे मोठे केले की कडा फाटतात. छपाईसाठी रेषांवर आधारलेली, कितीही मोठी करता येणारी मूळ फाईल लागते. ती बहुधा इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ या प्रणालीतील असते. जोडीला छपाईची पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र मागावे. पुढे कधी पत्ता बदलला, तर मूळ फाईल असल्याशिवाय साधा बदलही होणार नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक विशेष काळजी हवी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे मोडतात, रफार भलत्या अक्षरावर जातो. म्हणून पिशवीवरचा सारा मजकूर आपणच युनिकोडमध्ये टंकून, घरातील दोन जणांकडून तपासून द्यावा. फोनवरून सांगू नये. छपाईला जाणाऱ्या प्रतीत अक्षरांचे आकृत्यांमध्ये रूपांतर करून घ्यावे, म्हणजे छापखान्याकडे तो फाँट नसला तरी बिघाड होत नाही. फाँट वापरण्याचा परवाना आहे का, हेही विचारावे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' व 'बलू' हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे असून व्यापारी कामासही वापरता येतात.

पिशवीच्या मागील बाजूचा कायदेशीर मजकूर डिझायनरने शोधून काढावयाचा नसतो. तो देणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत, पॅक केल्याचा महिना व वर्ष, पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, शाकाहारी माल दर्शविणारे हिरव्या चौकोनातील हिरवे वर्तुळ, हे सारे आधीच लिहून द्यावे आणि जाणकाराकडून पडताळून घ्यावे. यांपैकी किंमत, तारीख व घाणा क्रमांक दर वेळी बदलतात. त्यांच्यासाठी कोरी फिकट जागा राखून ठेवावी, असे टिपणात स्पष्ट म्हणावे. अन्यथा सुंदर गडद रंगावर तारखेचा काळा शिक्का उमटतच नाही.

नमुने दाखवावेत, पण कारणासह

दुसरा भाग शैलीचा. 'भारदस्त', 'आधुनिक', 'आकर्षक' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा असतो. म्हणून आवडलेले तीन व नावडलेले दोन नमुने पाठवावेत आणि प्रत्येकाखाली एका ओळीत कारण लिहावे. "या पिशवीतील डाळ दिसण्याची खिडकी आवडली", "या डब्यावरील अक्षर दहा फुटांवरून वाचता येते", "या पाकिटावर इतके रंग आहेत की नाव सापडत नाही", असे. कारण लिहिले नाही, तर डिझायनर त्या नमुन्याची नक्कलच हवी असे समजेल. नक्कल ही नीतीच्या दृष्टीने जितकी गैर, तितकीच कायद्याच्या दृष्टीने धोक्याची.

नळदुर्गकराला येथे एक मोह होणे स्वाभाविक आहे : पिशवीवर किल्ला छापावा! इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात 1613 साली बोरी नदीवर उभारलेला बंधारा, त्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर व मादी हे धबधबे, यांची ओळख गावाबाहेरही आहे. परंतु बुरूज, कमानी व तटबंदी यांचे बारीक रेखाटन 500 ग्रॅमच्या पिशवीवर चार सेंटिमीटरमध्ये बसविले, तर तो केवळ करडा डाग दिसतो. शिवाय गावातील दुसरा व्यापारीही उद्या तोच किल्ला छापील. यापेक्षा "काळा दगड आणि त्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या पाण्याच्या दोन धारा, एवढीच कल्पना घ्यावी, इमारत काढू नये" असे लिहिले, तर ते डिझायनरला उपयोगी पडते. त्यात काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, दोन्ही आहे.

रुपयाच्या चिन्हाचे टिपण

मोजक्या अटींतून काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या रोजच्या वहीत आहे. भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाने 2009 साली रुपयासाठी चिन्ह मागविले. चिन्ह देशाच्या संस्कृतीचे द्योतक असावे, भारतीय लिपीतील किंवा दृश्यरूप असावे आणि संगणकाच्या नेहमीच्या कळफलकावर बसावे, अशा अटी होत्या. पुरस्कारही आधीच जाहीर होता : अंतिम पाच जणांना प्रत्येकी 25,000 रुपये व विजेत्याला 2,50,000 रुपये. निवड झाली ती मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकलेल्या डी. उदय कुमार यांच्या रचनेची. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ, वर शिरोरेषा. अवघ्या काही रेषांचे ते चिन्ह अटींमुळे खुंटले नाही, उलट अटींनीच त्याला वळण दिले. ते बँकेच्या फलकावर जसे वाचता येते, तसेच बिलावरील बारीक आकड्याशेजारीही.

मात्र यातील स्पर्धेची पद्धत दुकानाने उचलू नये. तेथे हजारो लोकांनी काम केले आणि पैसे पाचांना मिळाले. राष्ट्राच्या चिन्हासाठी लोक हौसेने ते करतात. डाळीच्या पिशवीसाठी "चौघांनी करून दाखवा, आवडेल त्याला पैसे" असे म्हटले, तर चांगला डिझायनर त्या वाटेला जात नाही, आणि जो जातो तो जुनेच एखादे चित्र नाव बदलून देतो. डिझायनर निवडावा त्याची पूर्वीची कामे पाहून. निवडल्यावर काम द्यावे एकालाच.

किती फेऱ्या, आणि फेरी म्हणजे काय

तंट्याचे खरे मूळ येथे असते. टिपणात "दोन फेऱ्यांतील बदल मोबदल्यात समाविष्ट" असे लिहिले, तरी फेरी म्हणजे काय हे लिहिले नाही तर ते व्यर्थ होय. फेरी म्हणजे एका वेळी, एकाच कागदावर, सर्व सूचना एकत्र करून दिलेली यादी. सकाळी वडिलांचा फोन, दुपारी काकांचा संदेश आणि रात्री पुण्याच्या जावयांचे मत, ही एक फेरी नव्हे. त्या तीन झाल्या, आणि बहुधा परस्परविरोधी.

एकत्र कुटुंबात मत सर्वांना असते आणि ते असावेही. पण ते घरात एकत्र करावे. त्यासाठी टिपणात एकच नाव द्यावे : सूचना व मान्यता केवळ यांचीच. आपल्या उदाहरणात ती सून आहे असे समजू. प्रत्येक टप्प्याला तीन दिवस घरात चर्चा होईल, वडीलधाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकले जाईल, आणि मग तीच एक यादी पाठवील. ज्यांच्या हाती अखेरचा नकार आहे, त्यांनी चित्र पहिल्याच टप्प्यावर पाहिले पाहिजे. सर्व तयार झाल्यावर आजोबांनी "हा रंग आपल्याला चालत नाही" म्हणावे, आणि दोन महिन्यांचे काम मागे जावे, असे होऊ नये.

बदलांचेही तीन प्रकार वेगळे करावेत. मान्य झालेल्या कल्पनेत रंग, आकार, जागा बदलणे ही सुधारणा. ती दोन फेऱ्यांत मोडते. डिझायनरने आपल्या मजकुरातील अक्षर गाळले, तर ती त्याची चूक. ती कितीही वेळा विनामूल्य दुरुस्त झाली पाहिजे आणि फेरीत धरू नये. आणि मान्यतेनंतर "किल्ला नको, आता बैलजोडी करा" म्हणणे हे नवे काम. त्याचा दर आधी ठरवून मगच सुरू करावे. सूचना देताना उपाय सांगण्यापेक्षा अडचण सांगावी. "नाव मोठे करा" म्हटले तर नाव मोठे होऊन मांडणी बिघडेल. "नाव दुकानाच्या फळीवर लांबून दिसत नाही" म्हटले तर कदाचित केवळ मागचा रंग बदलून काम होईल.

मुदत उलटी मोजावी

मुदत म्हणजे डिझायनरने चित्र देण्याचा दिवस, असे आपण समजतो. व्यापाऱ्याची खरी मुदत म्हणजे भरलेली पिशवी दुकानात पोहोचण्याचा दिवस. तेथून मागे मोजावे. समजा, नव्या तुरीची डाळ गुढीपाडव्याला बाजारात आणावयाची आहे. भरणे व वाहतूक यांसाठी एक आठवडा. छपाईवाल्याने रूळ कोरण्यापासून पिशव्या देईपर्यंत चार आठवडे सांगितले आहेत. म्हणजे अंतिम फाईल पाडव्याच्या पाच आठवडे आधी हवी. डिझायनरला कल्पनेसाठी दोन आठवडे, दोन फेऱ्यांसाठी दोन, अंतिम तयारी व तपासणीसाठी एक. म्हणजे काम पाडव्याच्या दहा आठवडे आधी सुरू झाले पाहिजे. जो व्यापारी महिनाभर आधी जागा होतो, त्याला एक तर घाईचा दर द्यावा लागतो, किंवा तपासणी वगळावी लागते. आणि रुळावर कोरलेली चूक म्हणजे काय, हे वर आलेच आहे.

आपल्याकडून होणारा उशीरही टिपणात असावा. मजकूर किंवा मान्यता जितके दिवस उशिरा, तितकी मुदत पुढे, हे वाक्य दोघांच्याही हिताचे आहे.

मोबदला आणि मालकी

आडतीच्या व्यवहारात इसार दिल्याशिवाय सौदा पक्का होत नाही, येथेही तसेच. मोबदला 40,000 रुपये ठरला असे धरू. सुरुवातीला 16,000, कल्पना मान्य झाल्यावर 12,000 आणि अंतिम मान्यतेनंतर मूळ फाईल ताब्यात घेताना 12,000, अशी विभागणी दोघांनाही जपते. काम मधेच थांबविले तर झालेल्या टप्प्यापर्यंतचे पैसे द्यावयाचे, हेही लिहावे. छायाचित्र, परवान्याचा फाँट व छपाई यांचा खर्च या रकमेत आहे की वेगळा, ते स्पष्ट करावे. टीडीएस कापावयाचा असल्यास पहिल्याच बोलण्यात सांगावे. शेवटच्या हप्त्यात अचानक रक्कम कमी दिसली की मन कलुषित होते.

उधारीच्या बाबतीत एक कायदा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डिझायनरची 'उद्यम' नोंदणी असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या दिवशी, आणि तो दिवसही 45 दिवसांच्या आत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मर्यादा 15 दिवसांवर येते. म्हणजे मुदत न लिहिण्यात तोटा आपलाच.

आणि अखेरची, सर्वांत महत्त्वाची बाब. पैसे दिले म्हणजे चिन्ह आपले झाले, असे समजू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. पण स्वतंत्र डिझायनरने काढलेल्या बोधचिन्हाचे स्वामित्व, वेगळे लिहून दिले नसेल तर, सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहते. ते आपल्याकडे येण्यासाठी त्याच्या सहीचा लेख लागतो. त्या लेखात काळ लिहिला नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. ज्या चिन्हावर पुढच्या पिढीने दुकान चालवावयाचे, त्यासाठी हे दोन शब्द विसरून चालणार नाही. म्हणून अंतिम हप्त्याच्या दिवशी "या कामाचे सर्व हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी, पेढीकडे हस्तांतरित" असा लेख सहीनिशी घ्यावा. मसुदा वकिलांना दाखवावा. त्याच लेखात डिझायनरला आपल्या कामांच्या संग्रहात हे चित्र दाखविण्याची मुभा द्यावी. त्याने आपले काही जात नाही आणि त्याला पुढचे काम मिळते.

टिपण एका पानात

आपल्या उदाहरणातील टिपण असे दिसेल :

माल : 1 किलो व 500 ग्रॅम तूरडाळ, ग्राहक सोलापूर व पुणे येथील कुटुंबे.
द्यावयाचे काम : बोधचिन्ह (मराठी व इंग्रजी, रंगीत, काळे, पांढरे), दोन पिशव्यांच्या दोन्ही बाजू, पाटीचे चित्र, मूळ फाईल, छपाईची पीडीएफ, पारदर्शक चित्र.
मर्यादा : पांढऱ्यासह सहा रंग, छपाईवाल्याचा आराखडा सोबत, तारीख व किमतीसाठी कोरी जागा.
शैली : तीन आवडते, दोन नावडते नमुने कारणांसह, दोन धारांची कल्पना, इमारत नको.
टप्पे : दोन कल्पना, त्यांतील एक मान्य, मग दोन फेऱ्या, मान्यता एकाच व्यक्तीची, तीन दिवसांत.
मुदत : अंतिम फाईल पाडव्याच्या पाच आठवडे आधी.
मोबदला : 16,000, 12,000, 12,000, हप्ता बिलानंतर सात दिवसांत, हक्कांचा लेख अंतिम हप्त्यासोबत.

टिपण पुरेसे झाले की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. या कामाची काहीच माहिती नसलेल्या घरातील व्यक्तीला ते वाचावयास द्यावे आणि विचारावे : कोणत्या तारखेला कोणाच्या हातात काय पडणार, त्या दिवशी किती रुपये जाणार, आणि "नको" म्हणण्याचा अधिकार कोणाचा? तिन्ही उत्तरे कागदावरून मिळाली, तर टिपण डिझायनरला पाठवावे. एखादे उत्तर "ते बोलून ठरवू" असे आले, तर तेवढी ओळ आधी लिहून काढावी.